रेकॉर्डचं बटण कोणी दाबायचं?

ऑनलाइन वर्गाची पहिली पाच मिनिटं शिक्षकाची नसतातच. कोणाचा आवाज येत नाही, कोणाचा टीव्ही मागे चालू आहे, कोणी नुकतंच आत येऊन ‘सर, दिसतंय का?’ विचारतं. एकाचा माइक बंद करायचा, दुसऱ्याला चालू करायला सांगायचा, फाइल उघडायची आणि तेवढ्यात विषयाला सुरुवात करायची. या गडबडीत रेकॉर्डचं बटण राहून जातं. अर्ध्या तासाने चॅटमध्ये कोणीतरी विचारतं, ‘रेकॉर्डिंग चालू आहे ना?’ आणि मग समजतं की नाही. गेलेला अर्धा तास परत येत नाही, आणि बहुतेक वेळा मुख्य भाग नेमका त्या अर्ध्या तासातच झालेला असतो.

यावर शिक्षक नाना उपाय करतात. मॉनिटरला पिवळी चिठ्ठी चिकटवतात, एखाद्या विद्यार्थ्याला आठवण करायचं काम देतात. चिठ्ठी आठवडाभरात भिंतीच्या रंगासारखी दिसेनाशी होते, आणि नेमका तो विद्यार्थी एके दिवशी गैरहजर असतो. खरं तर झूम, गुगल मीट आणि मायक्रोसॉफ्ट टीम्स या तिन्ही ठिकाणी हे काम यंत्रावर सोपवायची सोय आहे. वर्ग सुरू झाला की रेकॉर्डिंग आपोआप सुरू होतं आणि संपला की फाइल थेट कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे क्लाउडवर, जमा होते. सोय एका टिकमार्कची आहे. पण ती टिक नेमकी कशाला लागते हे माहीत नसेल, तर वर्ग हातचा जातो आणि शिक्षक मात्र निर्धास्त असतो.

एक उदाहरण घेऊ. समजा पुण्यात मोडी लिपीचा बारा आठवड्यांचा वर्ग आहे. दर शनिवारी आणि रविवारी सकाळी साडेसात ते नऊ, एकूण ३६ तास. विद्यार्थी पुण्या-नाशिकचे आहेत, तसेच न्यू जर्सीतली चार-पाच मराठी मंडळीही आहेत. मोडीच्या वर्गाला रेकॉर्डिंगची गरज इतर वर्गांपेक्षा जास्त पडते. मोडीत आधी पूर्ण ओळीची शिरोरेषा ओढतात, मग तिला अक्षरं टांगत जातात, आणि हात शक्यतो उचलत नाहीत. अक्षराचं वळण कुठून सुरू होतं आणि पुढच्या अक्षरात कसं शिरतं, हे छापील तक्त्यावरून कळत नाही. लिहिणारा हात पुन्हापुन्हा पाहावा लागतो.

झूमच्या फुकट खात्यात क्लाउड रेकॉर्डिंग मिळत नाही. तिथे फक्त आपल्या कॉम्प्युटरवर फाइल साठवता येते. क्लाउडसाठी पैसे भरून घेतलेलं खातं लागतं. वेबसाइटवर लॉगिन करून आधी `Settings` मधल्या रेकॉर्डिंगच्या भागात `Cloud recording` चालू आहे ना, ते पाहायचं. ते बंद असेल तर पुढचा पर्यायच दिसत नाही. संस्थेचं खातं असेल, तर कधी कधी हे बटण करड्या रंगात गोठलेलं दिसतं. अशा वेळी ते ज्याच्या ताब्यात आहे त्या ॲडमिनला सांगावं लागतं. स्वतः कितीही टिचक्या मारल्या तरी हलत नाही.

मग `Schedule a Meeting`. वर्गाचं नाव, पहिली तारीख, वेळ साडेसात, कालावधी दीड तास, टाइम झोन भारताचा. त्याखाली `Recurring meeting` ला टिक. आवृत्ती साप्ताहिक, वार शनिवार आणि रविवार, शेवट २४ वेळांनंतर. इतकं झालं की खाली `Options` समोर `Show` असं लिहिलेलं दिसतं. ते बहुतेक जण उघडतच नाहीत, आणि हवा तो पर्याय नेमका तिथेच दडलेला असतो: `Automatically record meeting`. त्याला टिक केली की दोन पर्याय येतात, आपला कॉम्प्युटर किंवा `In the cloud`. दुसरा निवडायचा, `Save` करायचं. आता चोवीसही वर्गांची मिळून एकच लिंक आहे आणि त्या लिंकवर वर्ग सुरू झाला की रेकॉर्डिंग आपोआप चालू होणार आहे.

‘त्या लिंकवर’ हे दोन शब्द इथे सगळ्यात महत्त्वाचे. ही टिक शिक्षकाला चिकटलेली नसते, त्या एका ठरवलेल्या मीटिंगला चिकटलेली असते. मीटिंग बदलली की टिक गेली.

हे कसं नडतं पाहा. मध्ये दिवाळी येते, शनिवार-रविवारचे दोन वर्ग बुडतात. भरपाई म्हणून सर गुरुवारी संध्याकाळी जादा वर्ग ठेवतात. झूम उघडतात, समोरच्या केशरी `New Meeting` वर क्लिक करतात आणि नवी लिंक व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात. वर्ग छान होतो. दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंगची ईमेल येत नाही, कारण ही मीटिंग त्या चोवीसांतली नव्हतीच. ती जागच्या जागी जन्मली होती आणि तिच्यावर कसलीच टिक नव्हती. अनेक शिक्षक आपला कायमचा वैयक्तिक मीटिंग क्रमांक सगळीकडे वापरतात. त्यांचीही अशीच गत होते, कारण त्या क्रमांकाची सेटिंग वेगळी असते आणि ती स्वतंत्रपणे बदलावी लागते.

जादा वर्गाचा सरळ मार्ग निराळा आहे. बुडालेला दिवाळीचा वर्ग रद्द न करता यादीतून उघडायचा, फक्त तेवढ्याच वर्गात बदल करायचा पर्याय निवडायचा आणि तारीख-वेळ गुरुवार संध्याकाळची करायची. लिंक तीच राहते, रेकॉर्डिंगची टिकही तीच. मात्र बदल करताना झूम विचारतो की हा एकच वर्ग बदलायचा की सगळे. टिक लावायची असेल तर ‘सगळे’, तारीख सरकवायची असेल तर ‘हा एक’. उलटं झालं तर एकाच रविवारचं रेकॉर्डिंग होतं आणि उरलेले वर्ग कोरडेच जातात.

मग कोणी म्हणेल, टिक मीटिंगला कशाला, पूर्ण खात्यालाच लावू. तशीही सोय आहे: सेटिंगमध्ये `Automatic recording` चालू केलं की त्या खात्यावरून होणारी प्रत्येक मीटिंग रेकॉर्ड होते. पण त्याच खात्यावरून सर एखाद्या पालकाशी फीबद्दल बोलतात, एखाद्या विद्यार्थ्याच्या घरच्या अडचणी ऐकतात. त्या गोष्टी सर्व्हरवर साठायची काय गरज? ज्या खात्यावर फक्त वर्गच चालतात तिथे हा पर्याय ठीक. एरवी मीटिंगनिहाय टिकच बरी. शिवाय सेटिंगमध्ये आपोआप सुरू झालेलं रेकॉर्डिंग वर्ग घेणाऱ्याला मध्येच थांबवता येईल की नाही, हेही ठरवता येतं. ती मुभा चालू ठेवावी. नाहीतर कोणी वर्गात खाजगी गोष्ट बोलायला लागलं, तर सरांना `Pause` करताच येत नाही.

आपोआप म्हणजे नेमकं कधी? होस्ट येण्याआधी इतरांना आत सोडायची परवानगी असेल, तर क्लाउड रेकॉर्डिंग पहिला विद्यार्थी आत आल्याबरोबर सुरू होऊ शकतं. म्हणजे सात-वीसला आलेल्या दोघांच्या पोह्या-उपम्याच्या गप्पा फाइलच्या सुरुवातीला छापल्या जातात. त्याला उपाय वेटिंग रूम. ती चालू असली की सगळे बाहेर थांबतात, सर आत आले की मगच घड्याळ सुरू होतं.

शेवटाचंही तसंच. यंत्राला ‘आता नऊ वाजले’ कळत नाही. वेळापत्रकात दीड तास लिहिला तरी मीटिंग ठरल्या वेळी आपली आपण बंद होत नाही. सर नुसतेच बाहेर पडले, दुसऱ्याला होस्ट करून गेले आणि मागे चार जण बोलत राहिले, तर ते बोलणंही रेकॉर्ड होतं. म्हणून सगळ्यांसाठी मीटिंग संपवायची, `End Meeting for All`. सुरुवातीचा किंवा शेवटचा फापटपसारा नंतर वेबसाइटवर कात्रीच्या खुणेने छाटता येतो. पण ती कात्री वरवरची असते. लिंकवरून पाहणाऱ्याला छाटलेला भाग दिसत नाही, तरी मूळ फाइल डाउनलोड केली की ती जशीच्या तशी पूर्ण येते.

आता मोडीच्या वर्गातली खरी अडचण. रेकॉर्डिंग वेळेवर सुरू झालं, वेळेवर संपलं, फाइलही आली. उघडून पाहावं तर दीड तास सरांचा चेहराच!

हे होतं कसं, ते समजून घेण्यासारखं आहे. लिहिणारा हात दाखवायला बरेच शिक्षक दुसरा फोन स्टँडला लावून कागदावर रोखतात आणि त्याच वर्गात तो फोन वेगळा सहभागी म्हणून जोडतात. आवाज घुमू नये म्हणून फोनचा माइक बंद ठेवतात, तो ठेवायलाच हवा. विद्यार्थ्यांना सांगतात, ‘माझ्या हाताचा व्हिडिओ मोठा करून ठेवा.’ विद्यार्थी आपापल्या स्क्रीनवर तो `Pin` करतात, आणि वर्गात सगळ्यांना हात दिसतो. पण क्लाउड रेकॉर्डिंग कोणाच्याही स्क्रीनवरून होत नाही, ते झूमच्या सर्व्हरवर होतं. तिथला नियम साधा आहे: जो बोलतोय त्याचं चित्र मोठं. बोलतोय सरांचा कॉम्प्युटर, म्हणून चेहरा. फोन मुका आहे, म्हणून हात कुठेच नाही. कोणी काय पिन केलंय हे सर्व्हर विचारातच घेत नाही. सरांनी स्वतः पिन केलं तरी नाही.

यातून सुटायचे दोन मार्ग आहेत. पहिला, होस्टने फोनच्या व्हिडिओवर जाऊन तो सर्वांसाठी `Spotlight` करायचा. स्पॉटलाइट हा होस्टचा हुकूम असतो आणि क्लाउड रेकॉर्डिंग तो पाळतं; बोलणारा कोणीही असो, चित्र हाताचंच राहतं. दुसरा मार्ग अधिक भरवशाचा. फोन किंवा कॅमेरा सहभागी म्हणून न आणता त्याचं चित्र स्क्रीन शेअरमधून दाखवायचं. शेअरच्या खिडकीत दुसऱ्या कॅमेऱ्याचा पर्याय असतो. सेटिंगमध्ये शेअर केलेल्या स्क्रीनसह रेकॉर्ड करायचा पर्याय चालू ठेवला की कागद पूर्ण चौकटीत येतो आणि सर कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनात. लिहायला लागायच्या क्षणी स्पॉटलाइट करायचं लक्षात ठेवावं लागतं, म्हणजे विसरायला पुन्हा एक जागा. स्क्रीन शेअरचं तसं नाही. ते विसरलं तर विद्यार्थीच लगेच ओरडतात, कारण त्यांनाही कागद दिसत नाही. जी चूक वर्गात आपणहून उघडी पडते ती परवडते. दुसऱ्या दिवशी फाइल उघडल्यावर कळणारी नाही.

तबला, चित्रकला, विणकाम, गणित, जिथे जिथे हात शिकवतो तिथे हेच लागू आहे. आणि वर्गातल्या विद्यार्थ्यांना सरावासाठी छोट्या गटांच्या खोल्यांत पाठवलं, तर क्लाउड रेकॉर्डिंग मुख्य खोलीतच राहतं. गटांतलं बोलणं त्यात येत नाही, रिकाम्या मुख्य खोलीची दहा मिनिटं मात्र येतात.

सगळं नीट लागलंय हे ओळखायचं कसं? वर्ग सुरू होताच ‘रेकॉर्डिंग चालू आहे’ अशी घोषणा ऐकू येते आणि खिडकीच्या कोपऱ्यात `Recording` अशी खूण दिसते. ती दिसली नाही तर आपण चुकीच्या मीटिंगमध्ये आहोत असं समजावं आणि हाताने बटण दाबावं. ते कायम हजर असतंच. पण पहिल्या वर्गाच्या आदल्या दिवशी दोन विद्यार्थ्यांना बोलावून दहा मिनिटांची तालीम केली, तर जास्त कळतं. त्या दहा मिनिटांत अ आणि ई लिहून दाखवायचे, एका विद्यार्थ्याला प्रश्न विचारायला सांगायचा, मीटिंग संपवायची आणि फाइलची वाट पाहायची. फाइल लगेच येत नाही. मीटिंग जेवढी चालली त्याच्या साधारण दुप्पट वेळ सर्व्हर ती तयार करायला घेतो, गर्दीच्या काळात त्याहून जास्त. तोवर यादीत ती तयार होत असल्याची सूचना दिसत राहते. नऊला संपलेल्या वर्गाची फाइल दुपारी बाराला आली, तर काही बिघडलं असं समजायचं कारण नाही. फाइल उघडल्यावर फक्त दोन गोष्टी पाहायच्या: विद्यार्थी प्रश्न विचारत असताना चित्र हाताचंच राहिलं का, आणि प्रश्न ऐकू येतो का.

न्यू जर्सीकरांचं एक लफडं राहिलं. वर्गाची वेळ भारताच्या घड्याळाला बांधली आहे. अमेरिकेतलं घड्याळ नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे जातं, मग जो वर्ग त्यांच्याकडे आदल्या रात्री दहाला असायचा तो नऊला होतो. पहिल्या आठवड्यात दोघे-तिघे हमखास तासभर उशिरा उगवतात. कॅलेंडरमध्ये निमंत्रण टाकलेलं असेल तर तिथली वेळ आपोआप सरकते. व्हॉट्सॲपवरच्या ‘तुमचे रात्री दहा’ या जुन्या संदेशाची सरकत नाही. आपोआप रेकॉर्डिंगचा खरा उपयोग अशांना होतो.

सर आजारी पडले तर? ज्यांना वर्ग घ्यायचा आहे त्यांना आधीच पर्यायी होस्ट म्हणून नेमून ठेवता येतं, मात्र त्यांच्याकडेही त्याच संस्थेच्या खात्यातलं पैसे भरलेलं लायसन्स लागतं. मॅडमनी त्याच लिंकवरून वर्ग सुरू केला की टिक आपलं काम करते, आणि फाइल जाते मूळ होस्टच्या, म्हणजे सरांच्या खात्यात. मॅडम आपल्या यादीत ती शोधत बसतात. सर अंथरुणात आहेत आणि ईमेल त्यांना आली आहे. फाइल हरवलेली नसते, दुसऱ्याच्या कपाटात असते.

हे झालं झूमचं. गुगल मीटमध्ये कॅलेंडरमधल्या नोंदीतून व्हिडिओ कॉलच्या पर्यायांत जाऊन आपोआप रेकॉर्ड करायला सांगता येतं. पण त्यासाठी रेकॉर्डिंगची सोय असलेलं संस्थेचं वर्कस्पेस खातं लागतं. साध्या जीमेलच्या फुकट खात्यावर ते होत नाही. तिथे ज्याला रेकॉर्ड करायचा अधिकार आहे तो आत आल्यावरच सुरुवात होते आणि फाइल ड्राइव्हमधल्या `Meet Recordings` या फोल्डरमध्ये जाते. टीम्समध्ये मीटिंगच्या पर्यायांत `Record and transcribe automatically` असं बटण आहे. टीम्सवाल्यांनी एक लक्षात ठेवावं: संस्थेने वेगळं काही ठरवलं नसेल, तर तिथलं रेकॉर्डिंग १२० दिवसांनी आपोआप कालबाह्य होतं. जूनमध्ये शिकवलेलं डिसेंबरच्या परीक्षेआधी शोधायला जाल, तर सापडणार नाही.

विद्यार्थ्यांना सांगणं मात्र यंत्रावर सोडू नये. घोषणा ऐकू येते हे खरं, पण तोवर ते आत आलेले असतात. प्रवेशाच्या फॉर्ममध्येच लिहावं की प्रत्येक वर्ग रेकॉर्ड होतो, तो कोणाला दिसतो आणि किती दिवस राहतो. ज्याला चेहरा नको त्याने कॅमेरा बंद ठेवावा. वर्गात मुलं असतील तर ही बाब अधिक गंभीर होते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक धरला आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती हवी अशी तरतूद आहे. हाताने बटण दाबणारा शिक्षक निदान दाबताना एकदा विचार करत होता. आपोआप होणाऱ्या गोष्टीत तो विचार आधीच करून ठेवावा लागतो.

उरला जागेचा प्रश्न. ढोबळ मानाने तासाभराचा व्हिडिओ २०० एमबी खातो. मोडीचे चोवीस वर्ग, प्रत्येकी दीड तास, म्हणजे ३६ तास. म्हणजे साधारण ७.२ जीबी. सेटिंगमध्ये एकाच वर्गाच्या दोन-तीन प्रकारच्या फाइली करायला सांगितलं असेल, म्हणजे चेहऱ्याची एक आणि सगळ्यांच्या चौकटींची एक, तर आकडा त्याच पटीत वाढतो. म्हणून हात दिसणारी एकच ठेवावी. खात्यात किती जागा आहे आणि किती भरली, हे रेकॉर्डिंगच्या पानावर दिसतं. ती भरली की क्लाउडवर नवं रेकॉर्डिंग सुरूच होत नाही, टिक जागेवर असली तरी, आणि हे घडतं नेमकं सत्राच्या शेवटी. ठरावीक दिवसांनी जुन्या फाइली आपोआप उडवायचीही सोय आहे, पण ती लावण्याआधी प्रत्येक आठवड्याचा वर्ग हार्ड डिस्कवर उतरवून घ्यायला कोणीतरी नेमलेलं असावं. उडवलेली फाइल झूमच्या कचरापेटीत ३० दिवस असते. तेवढ्या दिवसांत कोणी विचारलं तर परत काढता येते.